भाषण काढलं की कथा मुकी का होते?

"सर, मी करवीर तालुक्यातला. आमच्याकडच्या गुऱ्हाळावर कथा लिहिली आहे. बाप जुन्या पद्धतीनं गूळ करणारा, मुलगा रंगासाठी चोरून हायड्रॉस पावडर टाकतो, तो गूळ खाऊन गावातलं एक पोरगं आजारी पडतं, बाप मुलाला सुनावतो आणि मुलगा सुधारतो. प्रामाणिकपणा महत्त्वाचा, एवढंच मला सांगायचंय. वाचलेले सगळे म्हणतात, शेवट भाषण वाटतो. भाषण काढून वाचायला दिलं तर म्हणतात, विषयच कळला नाही. आता करू काय?"

तुमच्या दोन्ही वाचकांचं बरोबर आहे आणि दोघं एकाच जागेवर बोट ठेवतायत. मसुद्यातलं बापाचं भाषण पुन्हा नीट वाचा. "हायड्रॉस टाकलं की गूळ पिवळाधमक दिसतो. गुजरातच्या व्यापाऱ्याला तसाच लागतो, म्हणून अडत्या दर जास्त देतो. पण हे लोकांच्या पोटात विष कालवणं आहे. तुझ्या आज्ज्यानं भेंडीच्या रसावर गूळ केला. प्रामाणिकपणा हीच खरी कमाई." या पाच वाक्यांत दोन वेगळी कामं चाललीयत. पहिलं, दुसरं आणि चौथं वाक्य माहिती देतं. तिसरं आणि पाचवं निकाल देतं. तुम्ही भाषण काढलंत तेव्हा निकालाबरोबर माहितीही गेली. पावडर म्हणजे काय, ती कोण आणि कशापायी टाकतो, हे कथेत त्याआधी कुठंच येत नाही. मग वाचकाला विषय कसा कळणार?

म्हणून आधी भाषणाचे हे दोन भाग वेगळे करा. माहिती सगळी द्यायची, अजिबात लपवायची नाही, फक्त ती कथेच्या सुरुवातीकडं न्यायची, जिथं कुणाला तरी कामासाठी तिची गरज आहे तिथं. निकाल मात्र कुणीच द्यायचा नाही. नवे लेखक नेमकं उलट करतात. सूचक लिहायचं म्हणून माहिती दडवतात आणि न राहवून शेवटी निकाल देऊन टाकतात.

माहिती कुठं न्यायची ते सांगतो. तुमच्या कथेत मार्केट यार्डातला सौदा एका ओळीत उरकलाय, "गुळाला दर कमी मिळाला." त्या ओळीचा प्रसंग करा. मी साधारण असं लिहीन, यातला संजू म्हणजे तुमच्या कथेतला मुलगा:

"अडत्यानं गुळाच्या रव्याचा कोपरा उकरला, खडा उजेडाकडं धरला आणि टाकून दिला. शेजारच्या थप्पीपाशी तो थांबला. तिथला रवा फोडला तेव्हा आतनं हळदीसारखा रंग निघाला. बोली सुरू झाली. संजूनं खाली पडलेला आपला खडा उचलून तोंडात टाकला. एवढ्या वेळात चव कुणी बघितली नव्हती."

इथं वाचकाला तुमच्या भाषणातली दोन वाक्यं न सांगता मिळाली. बाजार रंगाला दर देतो, चवीला देत नाही, हे त्यानं स्वतः पाहिलं. संजूच्या बाजूनं थोडा रागही त्याच्या मनात आला. तो राग पुढं लागणार आहे. गूळ कोणत्या राज्यात जातो हे ट्रकच्या चिठ्ठीवर दाखवता येईल. भेंडीचा रस काहिलीपाशी, म्हणजे उसाचा रस उकळतो त्या मोठ्या कढईपाशी दाखवा: गुळव्या चिकट पाणी टाकतो, मळी वर येते, तो ती झाऱ्यानं काढतो, एवढंच. गुळाच्या व्यापारासाठी शाहू महाराजांनी शाहूपुरी पेठ वसवली, हा तुमचा दुसऱ्या पानावरचा परिच्छेद मात्र काढा. माहिती खरी आहे, पण कथेतल्या कुणालाच त्या क्षणी तिचा उपयोग नाही. शाळेतल्या धड्यासारखा सूर तिथूनच सुरू होतो.

आता आजारी पोराकडं येऊ. ते काढा. ऐकायला कठोर वाटेल, पण उपदेशाचं मूळ भाषणात कमी आणि त्या पोरात जास्त आहे. संजूनं चूक केली आणि आभाळानं लगेच शिक्षा पाठवली. म्हणजे लेखकानं पाठवली. मुलगा सुधारला तो घाबरून. यात प्रामाणिकपणा कुठं दिसला? शिवाय गुऱ्हाळाच्या पट्ट्यातला वाचक असं वाचून मनात हसतो. त्याच्या आजूबाजूला वर्षानुवर्षं पिवळा गूळ खपतोय आणि दुसऱ्या दिवशी कुणी आडवं पडलेलं त्यानं पाहिलेलं नाही. पावडर चांगली असा याचा अर्थ नाही. पण कथेतला कार्यकारणभाव त्याच्या अनुभवाला धरून नसेल, तर पुढचं काहीच तो मनावर घेणार नाही.

पावडर टाकली आणि काहीही वाईट झालं नाही, असं लिहून बघा. उलट चांगलं झालं. दर मिळाला, सोसायटीचा हप्ता गेला, घरात सगळे हसले. आता कथा अवघड झाली आणि तशीच ती व्हायला हवी. शिक्षा नसताना संजू काय करतो, हा प्रश्न आता उभा राहतो. पहिल्या मसुद्यात हा प्रश्नच नव्हता.

पुढचं काम संजूची बाजू भक्कम करायचं. तुमच्या मसुद्यात तो "झटपट पैशाच्या मागे लागलेला" आहे. अशा माणसाला हरवायला बापाचं एक वाक्य पुरतं, म्हणून ते वाक्य आलं. संजूच्या तोंडी असा मुद्दा द्या की बापाला उत्तर सुचू नये. तो मुद्दा जमिनीतच पडलेला आहे. क्षारपड रानातल्या उसाला रंग चांगला उतरत नाही. युरिया जादा झाला तरी तेच, आणि पुराच्या पाण्यात राहिलेल्या उसाचं तर विचारूच नका. पंचगंगेच्या काठावर 2019 आणि 2021 चे पूर बघितलेल्या कुणालाही हे नव्यानं सांगावं लागणार नाही. म्हणजे संजूच्या उसाचा गूळ कितीही निगुतीनं केला तरी काळाच पडणार. आणि रान क्षारपड झालं कशानं? बरीच वर्षं बेसुमार पाणी पाजल्यानं. पाजलं कुणी? बापानं. मग संजूला एवढंच म्हणू दे:

"आबा, रान तुमी खारं केलंसा. रंग मी कुठनं आणू?"

या एका वाक्यानं बापाच्या पायाखालची जमीन सरकते. आता तो नीतीचा पुतळा उरत नाही, चुकलेला माणूस होतो. आणि चुकलेल्या माणसानं दुसऱ्याला सुनावलं की वाचक दोघांकडंही नीट बघायला लागतो. विरोधी बाजू पुरेशी भक्कम झाली का, हे ओळखायची माझी खूण अशी आहे: मसुदा लिहिताना एखाद्या ठिकाणी तुम्हालाच वाटायला पाहिजे की पोरगा बरोबर बोलतोय. तसं एकदाही वाटलं नाही, तर कथा न लिहिता तुम्ही खटला चालवताय, आणि न्यायाधीशही तुमचाच आहे.

आता मुख्य गोष्ट, निवड. कथेतला विचार पात्राच्या बोलण्यातून कळतो त्यापेक्षा, दोन गोष्टींपैकी एक सोडावी लागते तेव्हा ते पात्र काय सोडतं, यावरून जास्त कळतो. पण निवडीला किंमत असावी लागते, ती परत फिरवता येऊ नये आणि ती हातानं केलेल्या कृतीत दिसावी. "त्यानं मनोमन ठरवलं" ही कृती नाही.

तुमच्याच मसुद्यात एक सोन्यासारखी ओळ आहे आणि तुम्ही तिच्यावरून सरळ पुढं गेलायत: "घरचा गूळ मात्र तो बिनपावडरीचाच ठेवायचा." मी इथं थांबलो. हाच तुमचा विषय आहे. प्रामाणिकपणा हा फार मोठा आणि फार पसरट शब्द, त्यावर कथा लिहिताच येत नाही. पण जो माणूस बाजारासाठी एक आणि घरासाठी दुसरा गूळ करतो, त्याला सगळं कळतंय. त्याला शिकवण्यासारखं काही उरलेलंच नाही, मग भाषण देणार कुणाला? प्रश्न एवढाच उरतो की तो "घरचं" कुणाकुणाला म्हणतो.

यावर कथा उभी करून बघू. हंगाम निम्म्यावर आलाय. बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलीय. आईला डिंकाचे लाडू करायचेत आणि घरातला गूळ संपलाय. गोदामात रव्यांची थप्पी आहे, पण ती बाजाराची. आई म्हणते, "एवढा पडलाय की, त्यातलाच फोड." संजू म्हणतो, "दोन दिवस थांब." का थांबायचं ते तो सांगत नाही आणि तुम्हीही सांगायचं नाही. मार्केटची आणि काहिलीची माहिती आधी येऊन गेलीय, त्यामुळं वाचकाला कारण कळतं. आईला ते कळलं की नाही, हे मोघम राहू दे.

तो एक आधण, म्हणजे एका वेळचा काहीलभर गूळ, पावडर न टाकता उतरवतो. एका आधणाला पाच-सहा रवे पडतात असं धरा. घराला लागणार पाच किलो. बाकीचे रवे काळपट पडणार आणि सौद्यात मार खाणार, म्हणजे बहिणीच्या लाडवांसाठी त्यानं खरोखर पैसे मोजले. इथवर तो चांगला भाऊ आहे. वाचक खूश होतो आणि बहुतेक लेखक इथंच कथा संपवतात. तुम्ही संपवू नका.

चुलवाणात चिपाडं सारणाऱ्या जळव्याची बायको तिथंच आहे, तिच्या अंगावर पितं पोर आहे. सगळा हंगाम गुऱ्हाळावरची माणसं जो गूळ घरी नेत होती तो पावडरीचा होता. आजचं आधण वेगळं आहे हे तिला दिसतं, कारण आज पावडरीचा डबा उघडलाच नाही. ती विचारते:

"मालक, ह्यातला वाईच आमास्नी बी द्या की."

संजूपुढं आता खरा पेच आहे. नाही म्हणावं तर कशावरून म्हणणार, गूळ समोर आहे. द्यावा तर मग आजवर जो दिला तो कसला होता, हे कबूल केल्यासारखं होतं, आणि ती उद्या चार बायकांत बोलणार. तो उलथण्यानं एक मोठा ढेकूळ तोडतो, तिच्या पदरात टाकतो आणि म्हणतो:

"कुणाला सांगू नगंस."

कथा इथं संपली तरी चालेल. त्यानं घराचं कुंपण हातभर पुढं सरकवलं आणि त्याच क्षणी ते बंदही केलं. तो सुधारला का? थोडासा. वाईट आहे का? तसं म्हणवत नाही. गुजरातला जाणाऱ्या ट्रकमधल्या गुळाचं काय, हा प्रश्न कुणी तोंडानं विचारत नाही, पण वाचकाच्या मनात तो आपोआप येतो. आणि बापाला एक शब्दही बोलावं लागलं नाही.

दुसरा शेवट शक्य आहे, तो ढेकूळ देत नाही. तोही चालेल, फक्त तेव्हा कथा जास्त कडू होईल. मी पहिला घेईन. पूर्ण नकारात लेखकाचा हात दिसायची भीती पुन्हा येते, या वेळी उलट्या बाजूनं.

प्रतिमेबद्दल तुम्ही वेगळं विचारलं नाहीत, पण मसुद्यात पूर, काळे ढग, विझलेला दिवा आणि तडा गेलेला आरसा एवढं सगळं आलंय. एकच ठेवा, आणि ती बाहेरून आणू नका, कामातून घ्या. तुमच्या कथेत रंग आधीपासूनच आहे. त्याची एक गोष्ट तुमच्या फार उपयोगाची आहे: हायड्रॉसनं आलेला उजळपणा टिकत नाही. गूळ ठेवला की काही आठवड्यांत तो पुन्हा काळवंडायला लागतो. हे रसायनशास्त्रानं तुमच्या हातात फुकट दिलंय, म्हणूनच जपून वापरा.

पहिल्यांदा रंग दाखवाल तेव्हा त्याला कसलाही अर्थ नको. गुळव्या थंड पाण्यात पाकाचा थेंब सोडतो, गोळी वळते का बघतो, पाकाचा रंग बघतो आणि काहील उतरवायला सांगतो. तिथं रंग म्हणजे फक्त रंग. दुसऱ्यांदा सौद्यात रंग म्हणजे दर. तिसऱ्यांदा माळ्यावर कधीचा पडलेला बाजारी रव्याचा तुकडा आईच्या हाताला लागतो. पिवळा ठेवलेला तपकिरी झालाय. इथं लेखकाची जीभ वळवळते: आईनं म्हणावं, "खोट्याचा रंग टिकत न्हाई बघ." हे वाक्य लिहिलंत की तीन ठिकाणची मेहनत पाण्यात गेली. आईला तिच्या कामाचं बोलू द्या: "ओल लागली वाटतं माळ्यावर. पत्रा बघून घे एकदा." तिचा अंदाज चुकीचा आहे, आणि तो चुकीचा आहे हे फक्त संजूला आणि वाचकाला माहीत आहे. संजू शिडी आणायला जातो. पात्र प्रतिमेबद्दल बोललंच तर तिचा अर्थ सांगण्याऐवजी चुकीचं कारण सांगू दे. योग्य कारण वाचक स्वतः लावतो, आणि स्वतः लावलेलं त्याला उपदेश वाटत नाही.

हा माळ्याचा प्रसंग बहीण येण्याच्या आधी ठेवा. नंतर ठेवलात तर तो ठसा मारल्यासारखा होईल. प्रतिमा निवडीच्या आधी यावी आणि निवडीच्या वेळी तिचं नावही निघू नये. जळव्याच्या बायकोला ढेकूळ देताना "काळपट" हा शब्द तुमच्या लेखणीतून येईल, तो खोडा.

बापाचं भाषण पूर्ण फेकायचंच असं मात्र नाही. माणसं खऱ्या आयुष्यात उपदेश करतातच, आणि आपल्याकडं तर जरा जास्तच. कीर्तनात बुवा निरूपण करतात तेव्हा कुणाला खटकत नाही, कारण लोक त्यासाठीच आलेले असतात. कथेत उपदेश खटकतो तो लेखकाला मान्य असलेला उपदेश पात्राच्या तोंडून येतो तेव्हा. म्हणून भाषण बोलणाऱ्याच्याच विरुद्ध जाईल अशा जागी ठेवा. चांगला दर लागल्याची पट्टी हातात आलीय, बाप पैसे मोजून कनवटीला लावतोय आणि लावता लावता बोलतोय, "आमच्या वक्ताला असलं काय नव्हतं. इमानानं गूळ क्येला आमी." दोन वाक्यं पुरे. शब्द तुमच्याच मूळ भाषणातले आहेत, पण आता ते बापाचे झालेत, तुमचे उरले नाहीत. त्याला पावडरीचं ठाऊक आहे की नाही हेही मी उघड करणार नाही, फक्त त्याला एकदा पैसे मोजू देईन आणि काहीही विचारू देणार नाही.

हे सगळं केल्यावर कथा पुन्हा वाचायला द्याल तेव्हा "काय समजलं?" असं विचारू नका. त्या प्रश्नावर माणूस शाळेतल्यासारखं तात्पर्य सांगतो. "संजूनं काय करायला पाहिजे होतं?" असं विचारा. दोन वाचक दोन उत्तरं देऊन एकमेकांशी वाद घालायला लागले तर कथा चालली. सगळ्यांनी एकच गुळगुळीत वाक्य म्हटलं, तर निकाल अजून कुठं तरी शिल्लक आहे, बहुधा शेवटच्या परिच्छेदात. आणि कुणी विचारलं, "डब्यात काय होतं?", तर माहिती कमी पडलीय. तेव्हा शेवटाला हात लावू नका, सौद्याच्या आणि काहिलीच्या प्रसंगाकडं जा. तुमची मूळ तक्रार हीच होती आणि तिचा इलाज तिकडंच आहे.

या रीतीला एक मर्यादाही आहे. गुऱ्हाळ कधीच न बघितलेल्या वाचकाला आधण, जळव्या, पट्टी या सगळ्याशी जुळवून घ्यायला पहिली दोनेक पानं लागतील. तुमची कथा सध्या सहा पानांची आहे. मी सुचवतोय ती आठ-नऊ पानांपर्यंत जाईल. दिवाळी अंकांना पाठवणार असाल तर शब्दमर्यादा आधी विचारून घ्या, आणि कापावं लागलं तर बापाचा भाग कापा, सौदा कापू नका.

शीर्षकाचंही बघा. "खरी कमाई" हे भाषणाचं शेवटचं वाक्य दारावर टांगल्यासारखं आहे. "दोन दिवस थांब" चालेल का, विचार करा. संजूचंच वाक्य आहे आणि पहिल्या वाचनात त्यात काही दिसत नाही. नवा मसुदा झाला की आधी फक्त जळव्याच्या बायकोचा प्रसंग पाठवा, तो जमला असेल तर बाकीचं मग बघू.